गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दिलेले 70 हजार आणि परताव्याची मागणी

साताऱ्यात माझ्या मावशीचं दुमजली घर आहे. मावशी निवृत्त शिक्षिका, एकटीच राहते. घराचा स्लॅब जुना, गच्ची साधारण 1,100 चौरस फूट. दोन पावसाळे वरच्या खोलीत ओल येत होती, म्हणून 2025 च्या उन्हाळ्यात तिने वॉटरप्रूफिंग करून घेतलं. काम झालं, पैसे गेले आणि पहिल्याच पावसात छत पुन्हा ठिबकू लागलं. त्यानंतर पैसे परत मागण्याचा जो सगळा व्यवहार झाला, त्यातली पत्रं आणि हिशोब मी केले. ठेकेदाराचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही.

छत गळणं हा पुरावा पुरेसा आहे, असं मावशीला आणि घरातल्या सगळ्यांनाच वाटत होतं. तो पुरत नाही. छत गळलं की ठेकेदाराकडे दहा कारणं तयार असतात: स्लॅब जुना आहे, शेजारच्या टाकीचं पाणी मुरतंय, पाऊस फार झाला. परतावा मागायचा तर ‘छत गळतंय’ यापेक्षा ‘जे ठरलं होतं ते केलंच नाही’ हे दाखवावं लागतं. या प्रकरणात ते दाखवता आलं, आणि तेही ठेकेदाराने स्वतः पाठवलेल्या एका फोटोमुळे.

काय ठरलं होतं

कोटेशन लेटरहेडवर हाताने लिहिलेलं होतं. दर 75 रुपये चौरस फूट, एकूण 82,500. त्यात कामाचं वर्णन सहा ओळींत होतं: जुना सुटलेला गिलावा काढून साफसफाई, भेगा भरणे, पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात सिमेंटचा वाटा म्हणजे गोलाकार उतार, प्रायमरचा एक कोट, मधे फायबरची जाळी घालून पॉलिमर कोटिंगचे तीन कोट, शेवटी 48 तास पाणी कोंडून चाचणी. त्याखाली पाच वर्षांची लेखी वॉरंटी. कोटिंग कोणत्या कंपनीचं, हेही लिहिलेलं होतं. पैसे तीन टप्प्यांत द्यायचे होते: सुरुवातीला 40,000, माल आल्यावर 30,000 आणि चाचणी होऊन वॉरंटीचा कागद हातात आल्यावर 12,500.

हे कोटेशन चांगलं होतं. अशा कामांत बहुतेक वेळा ‘केमिकल वॉटरप्रूफिंग, दर अमुक’ एवढंच लिहिलेलं असतं. तसं असतं तर पुढचं काहीच जमलं नसतं, कारण किती कोट आणि कोणती जाळी हे ठरलेलंच नसेल तर कमी काय केलं हे कोण सांगणार? फक्त एक उणीव होती. सगळ्या कामाचा दर एकत्र लावला होता, प्रत्येक कामाचा वेगळा नव्हता. त्याचा त्रास पुढे परताव्याची रक्कम काढताना झाला.

घटनाक्रम

हा घटनाक्रम मागणीपत्राला जोडला होता. नंतरच्या नोंदी वाढवून तोच पुढे तक्रारीच्या मसुद्यातही वापरला.

22 मार्च 2025: ठेकेदाराने पाहणी करून कोटेशन दिलं.
4 एप्रिल: 40,000 रुपये यूपीआयने दिले.
9 एप्रिल: काम सुरू.
15 एप्रिल: ठेकेदाराने माल आल्याचं कळवलं, दुकानाच्या बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याच दिवशी 30,000 दिले.
19 एप्रिल: ‘काम पूर्ण झाले’ असा ठेकेदाराचा मेसेज.
20 एप्रिल: पाण्याच्या चाचणीबद्दल विचारलं. चाचणी झाली नाही.
21 मे: ईशान्येकडच्या खोलीच्या छताला ओल. फोटो पाठवला.
27 मे: छतातून ठिबक. व्हिडिओ पाठवला.
1 जून: ठेकेदाराने एका भेगेवर कोटिंग लावलं.
16 जून: पुन्हा गळती, या वेळी दोन ठिकाणी.
18 जून: उरलेलं काम करून देण्याबद्दल लेखी विचारणा. त्यावर ठेकेदाराचं उत्तर.
28 जून: स्वतंत्र अभियंत्याची पाहणी.
5 जुलै: मागणीपत्र स्पीड पोस्टाने रवाना.
12 जुलै: पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत.
14 जुलै: तेच पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. उत्तर आलं.
4 ऑगस्ट: दुसरं पत्र, सोबत ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीचा मसुदा.
10 ऑगस्ट: बैठक.
12 ऑगस्ट: तडजोडीचा लेख.

वाचताना लक्षात येईल की यात ‘फसवणूक’, ‘उडवाउडवी’, ‘मनस्ताप’ असा एकही शब्द नाही. पहिला मसुदा मावशीने स्वतः लिहिला होता आणि त्यात ते सगळे शब्द होते. साहजिकच आहे, छतातलं पाणी तिच्या गादीवर पडत होतं. पण घटनाक्रमातल्या प्रत्येक ओळीमागे एक कागद, एक मेसेज किंवा बँकेची एक नोंद हवी. ज्या ओळीमागे असं काही नव्हतं ती आम्ही काढली. मे महिन्यात तिने चार-पाच वेळा फोन केले होते, त्यांतले बहुतेक असेच गळले. पुढे आम्ही एक नियम केला: फोनवर बोलणं झालं की लगेच मेसेज टाकायचा, ‘आत्ता आपलं बोलणं झालं, तुम्ही अमुक दिवशी येतो म्हणालात.’ समोरचा त्यावर ‘हो’ म्हणाला तर उत्तमच. गप्प बसला तरी नोंद राहते.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट ठेवण्यापेक्षा पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करून ठेवलेली बरी. स्क्रीनशॉटवर आपण सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर दिसत नाही, आणि मधला एखादा मेसेज वगळल्याचा आरोप सहज होतो. मूळ फोन मात्र जपायचा. मामला आयोगापुढे गेला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देताना संदेश कोणत्या फोनमधून काढले हे सांगावं लागतं.

बिलाचा फोटो

15 एप्रिलला ठेकेदाराचा मेसेज आला: ‘काकू माल आला, दुसरा हप्ता पाठवा.’ सोबत दुकानाच्या बिलाचा फोटो. मावशीने तो उघडून पाहिला, पैसे पाठवले आणि विसरली. जूनमध्ये मी चॅट वर सरकवत गेलो तेव्हा तो सापडला. बिलात तीनच ओळी होत्या: कोटिंगच्या 20 लिटरच्या दोन बादल्या, प्रायमरचा पाच लिटरचा एक कॅन आणि दोन ब्रश. जाळीचं नाव कुठेच नव्हतं.

बादल्या घरातच होत्या. कामगार रिकाम्या टाकून गेले होते. एकीत मावशीने कढीपत्ता लावला होता, दुसरी न्हाणीघरात होती. बादलीवर कंपनीने छापलंय की तीन कोटांसाठी एका लिटरला 12 ते 14 चौरस फूट धरावं. जास्तीत जास्त, म्हणजे 14 धरलं तरी 1,100 चौरस फुटांना जवळजवळ 79 लिटर लागतात, म्हणजे चार बादल्या. आल्या दोन. 40 लिटरमध्ये एवढ्या गच्चीवर तीन कोट होऊच शकत नाहीत. फार तर दीड कोट होईल, तोही पातळ.

हा हिशोब कुणालाही समजतो. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, आणि तो ठेकेदाराच्याच कागदावरून आणि कंपनीच्याच छापील मजकुरावरून निघतो. रंगकाम, वॉटरप्रूफिंग, कीटकनाशक फवारणी अशा कामांत डोळ्यांना दिसतं ते काम सहसा ठीकच दिसतं. एक कोट आणि तीन कोट यांतला फरक नुसत्या नजरेला कळत नाही. खरं मोजमाप मालाच्या प्रमाणात असतं. म्हणून आलेला माल मोजून घ्यावा, बादल्यांच्या लेबलचे फोटो काढावेत आणि बिल मागावं. बिल मागण्यात संशय घेतल्यासारखं काही नाही, हप्ता मालावरच द्यायचा ठरलेला असतो.

चाचणीचं उत्तरही मेसेजमध्ये होतं. 20 एप्रिलला मावशीने विचारलं, पाणी कधी भरताय? उत्तर आलं: ‘काकू उन्हाळ्यात एवढं पाणी कशाला वाया घालवता, पहिल्या पावसात आपोआप टेस्ट होईल.’ एवढ्या गच्चीवर दोन इंच पाणी कोंडायचं म्हणजे साधारण पाच हजार लिटर, एक छोटा टँकर. एप्रिलमध्ये साताऱ्यात टँकर मागवायचा खर्च होताच, पण तो कोटेशनमध्ये धरलेला होता. मावशीला मात्र पाणी वाया जाईल हे पटलं आणि तिने आग्रह धरला नाही. तिने आग्रह सोडला म्हणजे अट सोडली, असा मुद्दा पुढे ठेकेदाराने मांडला. पण 12,500 रुपये तिने दिले नव्हते. चाचणी झाल्यावरच द्यायची रक्कम तिने हातात धरून ठेवली होती, म्हणजे अट तिच्या लेखी कायम होती.

दुरुस्ती की परतावा

1 जूनला ठेकेदार आला आणि ओल्या स्लॅबवरच्या एका भेगेवर थोडं कोटिंग लावून गेला. हे कोटिंग कोरड्या पृष्ठभागावरच धरतं, तसं बादलीवरही लिहिलंय. पंधरा दिवसांत तो तुकडा पापडासारखा सुटला. 16 जूनला पुन्हा गळती सुरू झाली तेव्हा तो परत यायला तयार होता. ‘एक हात मारून देतो’ असं म्हणत होता.

अशा ठिकाणी बरीच माणसं अडकतात. प्रत्येक वेळी थोडी डागडुजी होते, प्रत्येक वेळी आपण ‘बघू या’ म्हणतो, आणि सहा महिन्यांनी चित्र असं दिसतं की ठेकेदार बिचारा हाक मारली की धावून येत होता. दुसरीकडे, दुरुस्तीची संधीच न देता थेट पैसे मागितले तर ‘मला काम पूर्ण करू दिलं नाही’ असं तो म्हणणार, आणि त्यात तथ्य असणार. म्हणून संधी द्यायची, पण एकदाच, लेखी आणि पूर्ण कामाची. पावसाळ्यात कोटिंग होत नाही, त्यामुळे ‘आठ दिवसांत करून द्या’ म्हणण्यातही अर्थ नव्हता. 18 जूनला मावशीच्या फोनवरून गेलेला मेसेज असा होता:

‘22 मार्चच्या कोटेशनप्रमाणे जाळी, उरलेले कोट, सांध्यातला वाटा आणि 48 तासांची पाण्याची चाचणी ही कामं झालेली नाहीत. पाऊस संपल्यावर ही सगळी कामं स्वखर्चाने करून द्याल का, हे सात दिवसांत लेखी कळवा. तोपर्यंत ओल्या स्लॅबवर काही लावू नये.’

उत्तर त्याच संध्याकाळी आलं: ‘आधी बाकीचे 12,500 द्या, मग बघतो.’

या एका ओळीने बरंच काम सोपं केलं. जाळी नव्हती हे त्याने नाकारलं नाही, आणि दुरुस्तीसाठी त्याने अशी अट घातली जी मूळ ठरावाच्या उलट होती. सात दिवस संपल्यावर दुरुस्तीचा विषय आमच्याकडून बंद झाला.

रक्कम कशी काढली

मावशीचं म्हणणं होतं, दिलेले सगळे 70,000 मागायचे आणि वर मनस्तापाचे 50,000. शेजारच्या एका गृहस्थांनी पोलिसांत जायचा सल्ला दिला होता. ठरलेलं काम न करणं हा मुळात दिवाणी मामला आहे. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवता आल्याशिवाय फसवणुकीचा गुन्हा उभा राहत नाही, आणि ज्याने निम्मा का होईना माल आणून काम केलं त्याच्याबाबत ते दाखवणं अवघड असतं. तो रस्ता आम्ही सोडला.

पूर्ण 70,000 मागण्यात अडचण अशी की काही काम खरंच झालं होतं. गिलावा काढला होता, भेगा भरल्या होत्या, चार-पाच दिवस माणसं राबली होती. ते शून्य धरलं तर समोरचा पहिलं बोट तिथेच ठेवणार. आणि निम्म्या कोटिंगची निम्मी किंमत धरावी, तर निम्म्या कोटिंगचा उपयोग काहीच नाही. अपुरा थर पाणी अडवत नाही, उलट नवं काम करताना तो खरवडून काढावा लागतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एका स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी करून घेतली, फी 3,500. त्यांनी तीन ठिकाणी कोटिंगचा छोटा चौकोन कापून पाहिला. एका ठिकाणी तो नखानेच निघाला. जाळी कुठेच नव्हती, सांध्यात वाटा नव्हता. दीड पानांचा अहवाल, सोबत पट्टी ठेवून काढलेले फोटो. दुसरं, एका वेगळ्या ठेकेदाराकडून त्याच कामाचं कलमवार कोटेशन घेतलं, ज्यात प्रत्येक कामाचा दर वेगळा होता. साफसफाई आणि भेगा भरणे मिळून त्याने 11 रुपये चौरस फूट लावले होते, म्हणजे 12,100.

मग हिशोब असा झाला: दिलेले 70,000, त्यातून उपयोगी पडणाऱ्या कामाचे 12,100 वजा, राहिले 57,900. त्यात अभियंत्याची फी 3,500. मागणी 61,400 रुपये. निकामी थर खरवडण्याचा खर्च आणि खोलीच्या रंगाचं नुकसान आम्ही पत्रात धरलं नाही. आयोगाकडे जावं लागलं तर ते, व्याज आणि त्रासाची भरपाई वेगळी मागू, असं मात्र लिहिलं. मावशीला हे कमी वाटलं. माझ्या मते मोठ्या आकड्यापेक्षा प्रत्येक रुपयाला उत्तर असलेला आकडा जास्त वसूल होतो, आणि पुढच्या बैठकीत ते दिसलंच.

पत्र

मागणीपत्र एका पानाचं होतं. पहिल्या परिच्छेदात काय ठरलं आणि किती पैसे दिले. दुसऱ्यात कोटेशनमधल्या सहांपैकी कोणती कामं झाली नाहीत आणि ते कशावरून. तिसऱ्यात रकमेचा हिशोब, बँक खात्याचा तपशील आणि मुदत: पत्र मिळाल्यापासून 15 दिवस. शेवटी दोन वाक्यं, की मुदतीत रक्कम आली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. जोडपत्रं म्हणून कोटेशन, पैसे दिल्याच्या नोंदी, बिलाचा फोटो, लेबलचा फोटो, अहवाल आणि घटनाक्रम.

पत्र वकिलामार्फतच जायला हवं असं नाही. तक्रारही ग्राहक स्वतः करू शकतो.

आठवड्याने पाकीट परत आलं. वर पोस्टमनचा शेरा: घेण्यास नकार. मावशी ते फोडणार होती, मी तसंच ठेवायला सांगितलं. योग्य पत्त्यावर पाठवलेलं टपाल नाकारलं, तर कायद्याच्या दृष्टीने ते पोहोचल्यातच जमा असतं, आणि बंद पाकीट शेऱ्यासकट हाच त्याचा पुरावा. मग 14 जुलैला तेच पत्र पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवलं. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं: ‘पाऊस लवकर आला त्याला मी काय करू?’

पाऊस लवकर आला होता हे खरंच. त्या वर्षी मॉन्सून 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, इतक्या लवकर तो आधी कधी आल्याची नोंद नाही, आणि त्याआधीच्या आठवड्यातही राज्यात जोरदार सरी झाल्या. पण काम पूर्ण झाल्याचा त्याचा स्वतःचा मेसेज 19 एप्रिलचा होता. बादलीवर कोटिंग पूर्ण वाळायला सात दिवस लिहिलेत, आणि पहिली ओल दिसली 21 मे रोजी. मधे महिनाभर कडक ऊन होतं. लवकर आलेल्या पावसाने जाळी गायब होत नाही, हेही खरं. हे उत्तर आम्ही वाद न घालता दुसऱ्या पत्रात तारखांसह मांडलं.

4 ऑगस्टच्या त्या पत्रासोबत तक्रारीचा तयार मसुदा जोडला. धमकी आणि तयारी यांतला फरक समोरच्याला कागद बघून कळतो. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रारीला फी नाही. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, ऑनलाइनही दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, त्यामुळे आम्हाला घाई नव्हती. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, आयोग फार तर आणखी 15 देऊ शकतो. हे सगळं मसुद्याखाली चार ओळींत लिहिलं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आम्ही वापरला नाही. ती यंत्रणा तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत त्याने काम होतं, पण आदेश देण्याचा अधिकार तिला नाही आणि गावातल्या एकट्या ठेकेदारावर तिचा दाब फारसा पडत नाही.

आयोगात गेलो असतो तर कायद्यात लिहिलेल्या तीन-पाच महिन्यांत निकाल लागेल असं मी मावशीला सांगितलं नव्हतं. प्रत्यक्षात खूप जास्त वेळ लागतो, आणि तडजोडीची रक्कम ठरवताना तोही भाग मनात धरावा लागतो.

बैठक

ठेकेदाराने स्वतः फोन केला नाही. ज्यांनी त्याचं नाव सुचवलं होतं त्या ओळखीच्या काकांमार्फत निरोप आला, आणि 10 ऑगस्टला सगळे मावशीच्या घरी बसले. चहा झाला. तो म्हणाला, ‘काकू, मजुरीचेच माझे 18,000 गेलेत, ते कोण देणार?’ मावशी म्हणाली, ‘अहो, तुमची मजुरी गेली असेल, पण माझ्या गच्चीवर तिचं काय उरलंय ते दाखवा.’

मी हिशोबाचा कागद आणि बिलाचा फोटो मधे ठेवला. दोन बादल्यांवर तो म्हणाला की आणखी दोन त्याच्या गोदामातून आणल्या होत्या. असतील, पण त्यांचं बिल? आणि जाळी? त्यावर तो काही बोलला नाही. मग बोलणं काम झालं की नाही यावरून हललं आणि किती द्यायचे यावर आलं. तो 30,000 पासून सुरू झाला. प्रायमर लावला होता, त्याचे पैसे धरलेले नाहीत, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. अभियंत्याची फी मावशीने सोडली. शेवटी 52,000 वर ठरलं. मागितल्यापेक्षा 9,400 कमी, पण ऑगस्टमध्येच पहिले पैसे हातात येणार होते.

तोंडी ठरवून उठायला ठेकेदार तयार होता, मावशीही. मी अडून बसलो. 12 ऑगस्टला 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लेख झाला: 20,000 त्याच दिवशी यूपीआयने, आणि 16,000 चे दोन चेक, 10 सप्टेंबर आणि 10 ऑक्टोबरच्या तारखेचे. चेक घेतल्याचा फायदा असा की खात्यात पैसे नाहीत म्हणून तो परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस देता येते आणि मग 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली खटला होतो. ठेकेदाराला हे माहीत होतं, बांधकामाच्या धंद्यात चेक कुणाला नवे नसतात.

लेखातल्या दोन वाक्यांवर सर्वात जास्त वेळ गेला. ठेकेदाराने आणलेल्या मसुद्यात लिहिलं होतं: ‘सदर रक्कम मिळाली असून आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही.’ पहिल्या हप्त्याला हे वाक्य सही करून दिलं असतं तर उरलेल्या 32,000 चा हक्क कागदोपत्री संपला असता. ते बदलून असं केलं: ‘तिन्ही रकमा खात्यात जमा झाल्यावरच ही तडजोड पूर्ण समजली जाईल. एकही रक्कम थकल्यास मूळ मागणी, मिळालेली रक्कम वजा करून, कायम राहील.’

सप्टेंबरचा चेक वटला. ऑक्टोबरचा टाकायच्या आधी त्याचा मेसेज आला की दिवाळी तोंडावर आहे, दोन आठवडे थांबा. मावशी थांबली, पण ‘24 ऑक्टोबरपर्यंत मुदत देत आहे, लेखातल्या बाकी अटी कायम’ असा मेसेज टाकून. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी 16,000 यूपीआयने आले, चेक परत दिला आणि पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती लिहून दिली.

त्या पावतीत शेवटची ओळ आम्ही मुद्दाम घातली आणि तिच्याखाली ठेकेदाराची सही घेतली. कोटेशनप्रमाणे 12,500 रुपये अजून कागदावर त्याचे येणे दिसत होते. परताव्याच्या भानगडीत ते सगळेच विसरले होते, आणि ती ओळ नसती तर वर्ष-दीड वर्षाने तो बाकी मागायला मोकळा होता. ओळ एवढीच: ‘22 मार्च 2025 च्या कोटेशनपोटी ठेकेदाराचे कोणतेही येणे बाकी नाही.’